फळ्याच्या फोटोतलं "४, कमान, शून्य" म्हणजे काय? मैत्रिणीला मराठीत करून द्यायचंय

हलशीची_पोर
नमस्कार मंडळी. जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे, बेळगावात. गेल्या गुरुवारी आमची बॅच वॉर्डला होती आणि दुसऱ्या बॅचला मॅडमनी औषधाचं गणित शिकवलं, सलाईनचे थेंब वगैरे. त्या बॅचमधल्या एका अथणीच्या मुलीनं फळ्याचा फोटो पाठवला. माझी एक मैत्रीण तापानं खानापूरकडं गावी पडून आहे. तिचं सगळं शिक्षण मराठीतून झालंय, कन्नड बोलायला जमतं पण एक अक्षर वाचता येत नाही. सोमवारी टेस्ट आहे. म्हणाली, "तू मराठीत उतरवून पाठव की गं." मी होकार देऊन बसले.

आता अवस्था अशी. पांढरा फळा, मार्कर वाळत आलेला, ट्यूबलाईटचा झोत उजव्या कोपऱ्यावर. आधीच्या तासाचं अॅनाटॉमी नीट पुसलेलं नाही, ते मागून भुतासारखं दिसतंय. मॅडम अर्धं इंग्रजी अर्धं कन्नड लिहितात आणि दोन्ही तोडून तोडून. मी शाळेत कन्नड तिसरी भाषा म्हणून शिकले, छापील असेल तर वाचते, हाताचं आलं की गाडी थांबते. फोटो काढणारीला विचारलं तर ती म्हणते "नंगू गोत्तिल्ल", म्हणजे मलाही माहीत नाही.

मला जसं दिसतंय तसं देते. कन्नड अक्षरं देवनागरीत लिहिली आहेत.

```
500 ml NS   4∩0
gH/min = V × DF / T
       = 42 ह/नि
PCM  12kg × 15     125/5   →  72 ml
     ऊ.मेले   ज्व. इद्रे
KCl 20 m~~  in 500
```

मी लावलेला अर्थ: ४० तासांत ५०० मिली. gH म्हणजे ग्रॅम पर अवर. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत कोणीतरी मेलंय. हसू नका.

टिळकवाडी_वाला
मी सात वर्षं एमआर होतो, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून डोळे गेले. हे काय अवघड नाही. सलाईनचा फॉर्म्युला आहे. DF म्हणजे ड्रॉप फॅक्टर, तो १५ धरायचा असतो, नेहमी १५. T मिनिटांत. टाक आकडे आणि उत्तर काढ, फोटो वाचायचीसुद्धा गरज नाही.

हलशीची_पोर
टाकले की दादा. ५०० गुणिले १५, भागिले ४० तासांची २४०० मिनिटं. ३ च्या आसपास येतंय. फळ्यावर ४२ स्पष्ट आहे.

उताऱ्याचा_नाद
कन्नडमधून मराठी करून पाहिजे असेल तर कोर्टाच्या आवारात अधिकृत भाषांतर करणारे बसतात. माझ्या आजोबांच्या जमिनीचा पहाणी उतारा मी तसाच करून घेतला. पानाचे पैसे घेतात, शिक्का मारून देतात. फक्त नावं नीट तपासून घ्या, आमच्या आडनावातला 'ळ' चा 'ल' केला आणि तो दुरुस्त करायला दोन महिने गेले.

हलशीची_पोर
काका, हा वर्गातल्या फळ्याचा फोटो आहे. शिक्का नको, सोमवारच्या आत अर्थ पाहिजे :)

वॉर्ड_नंबर_सात
पोरी, तुझा फळा मी बघितला. वीस वर्षं झाली या कामात, असे फळे आणि असल्या फाईली रोजच्या आहेत. एकेक घेऊ. घाई करू नकोस, यातल्या एका ओळीला मी शेवटपर्यंत हात लावणार नाही, का ते पुढे सांगते.

आधी gH. तो एच नाही. ते दोन टी आहेत, एकाच आडव्या रेघेनं कापलेले, म्हणून एच दिसतो. `gtt` हे थेंबाचं जुनं लॅटिन लघुरूप, गट्टा म्हणजे थेंब. आमच्या वेळच्या सिस्टर तेच लिहायच्या. म्हणजे ओळ झाली 'मिनिटाला किती थेंब'. ग्रॅम पर अवर धरलंस तर पुढचं सगळंच घसरतं. पण तुला स्वतःला कसं कळलं असतं? त्याच ओळीच्या उत्तरात बघ, 'ह/नि' लिहिलंय. उत्तराचं माप आणि फॉर्म्युल्याचं माप एकच असणार. 'नि' म्हणजे मिनिट हे कन्नडवाले सांगतील.

टिळकवाडी_वाला, १५ नेहमी नसतो हो. १० चे, १५ चे, २० चे सेट असतात, लहान मुलांचा मायक्रो सेट ६० चा. किती थेंबांचा एक मिली ते सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं. आपल्याकडं वॉर्डात साधा सेट बहुतेक २० चा येतो. फॉर्म्युला तुम्ही बरोबर सांगितलात.

निपाणी_मास्तर
मी कन्नड शाळेत पस्तीस वर्षं खडू झिजवला, घरी मराठी. ती कमान म्हणजे कन्नड 'ग'. डोक्यावर छोटी रेघ, खाली उघडी कमान, घाईत रेघ जाते आणि नुसती कमान उरते. तिच्यापुढचं गोल शून्य नव्हेच, तो अनुस्वार आहे! मराठीत अनुस्वार डोक्यावर टिंब होऊन बसतो. कन्नडात तो अक्षराच्या शेजारी, ओळीतच, पूर्ण गोल असतो. शून्याची आणि त्याची आकृती एकच. म्हणून '४ गं.' झालं. गं. म्हणजे गंटे, तास. चार तास.

'ह' म्हणजे हनि, थेंब. 'नि' म्हणजे निमिष, मिनिट. 'ह/नि' म्हणजे मिनिटाला थेंब. आणि पोरांनो, एक गंमत बघा, कन्नडात पूर्ण लिहिलं असतं तर 'निमिषक्के ४२ हनि' झालं असतं. त्या 'क्के'चं काम आपला 'ला' करतो, 'मिनिटाला ४२ थेंब'. इंग्रजीसारखं 'प्रति' वगैरे आणायची गरजच नाही, दोन्हीकडं चतुर्थीच आहे.

हलशीची_पोर
बाप रे. म्हणजे मी चार तासांचे चाळीस केले!

थांबा, करून बघते. ५०० गुणिले २०, दहा हजार. चार तास म्हणजे २४० मिनिटं. ४१.६६. म्हणजे ४२! बसलं!

वॉर्ड_नंबर_सात
बसलं ना? आता उलटं करून बघ, खरी युक्ती तिथं आहे. तुझे ४० तास आणि २० चा सेट घेतलास तर ४.१६ येतं. फळ्यावर ४२. म्हणजे अंकांची जात तीच, फक्त दहापट फरक. असा बरोबर दहापट फरक दिसला की गणित चुकलेलं नसतं, कुठंतरी एक शून्य जास्त पडलेलं असतं किंवा टिंब हरवलेलं असतं. मग फोटोत शून्यं शोधायची. तुझ्या फोटोत एकच संशयित गोल होता, तो अनुस्वार निघाला.

आणि १५ घेतलं तर? १५ गुणिले ५००, भागिले २४०, ३१.२५. हा फरक दहापट नाही, म्हणजे इथं शून्याची भानगड नाही, घेतलेला फॅक्टरच वेगळा. फळ्यावर २० लिहिलेलं नव्हतं, पण ४२ वरून ते सिद्ध झालं. मैत्रिणीला लिहिताना '२०' कंसात टाक आणि 'उत्तरावरून काढलं' असं लिही. फळ्यावर काय होतं आणि तू काय भरलंस हे तिला वेगळं दिसलं पाहिजे.

४१.६६ चे ४२ का, तर अर्धा थेंब पडत नाही. वॉर्डात १५ सेकंद घड्याळ धरून दहा-अकरा थेंब मोजायचे, झालं.

टिळकवाडी_वाला
मान्य. आमच्या कंपनीच्या सेटवर १५ होतं म्हणून डोक्यात बसलं होतं.

पण मग दुसरी ओळ सोपी आहे. पॅरासिटामॉल, १२ किलोचं मूल, ७२ मिली.

वॉर्ड_नंबर_सात
अहो ७२ मिली! पॅरासिटामॉल सिरपची नेहमीची बाटली ६० मिलीची असते. मुलाला एका वेळेला बाटलीहून जास्त पाजणार?

हलशीच्या पोरी, तूच करून बघ. किलोमागे १५ मिग्रॅ. सिरप ५ मिलीत १२५ मिग्रॅ.

हलशीची_पोर
१२ गुणिले १५ बरोबर १८०. पाहिजे ते भागिले आहे ते, गुणिले मिली.

```
180 / 125 × 5 = 7.2 ml
```

७.२! टिंब कुठं गेलं? पुन्हा दहापट.

वॉर्ड_नंबर_सात
आता फोटो नीट बघ. तो तिनं स्कॅन करायच्या अॅपमधून काढलाय का? पांढराशुभ्र कागद आणि काळी अक्षरं दिसतात तसा?

हलशीची_पोर
हो! फोटो काळवंडलेला होता म्हणून तिनं स्कॅन केला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. मला उलट बरं वाटलं, स्वच्छ दिसतोय म्हणून.

वॉर्ड_नंबर_सात
तिथंच गेलं टिंब. ब्लॅक अँड व्हाईट फिल्टर छोटे ठिपके धूळ समजून पुसतो. वाळलेल्या मार्करचं दशांशचिन्ह म्हणजे त्याच्या दृष्टीनं धूळच. गोष्टीच्या पुस्तकात एखादा पूर्णविराम गेला तर बिघडत नाही, डोसच्या गणितात गेला तर दहापट. लाल मार्करनं लिहिलेलंही त्यात फिकट होतं.

तिला सांग, गॅलरीतला मूळ फोटो पाठव, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून जोडून. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो. आल्यावर फक्त उजेड आणि कॉन्ट्रास्ट थोडा वाढव, काळा-पांढरा करू नकोस.

शुद्धलेखन_शहापूर
एक विनंती. भाषांतर करायचंच तर नीट मराठीत करा. 'ड्रॉप फॅक्टर'ला 'बिंदुगुणक' म्हणता येईल. 'इन्फ्युजन'ला 'अंतःक्षेपण'. बेळगावातली पोरं मराठी टिकवतात असं आम्ही अभिमानानं सांगतो, आणि इथं सगळं सलाईन आणि सेट.

हलशीची_पोर
काका, परीक्षा इंग्रजीत असते. ती 'बिंदुगुणक' पाठ करून गेली तर पेपरात काय लिहिणार? शिवाय तिची आई पण सलाईनच म्हणते.

वॉर्ड_नंबर_सात
मी असं करते: जो शब्द पेपरात लिहायचाय तो तसाच ठेवायचा, आणि त्याचं काम काय ते मराठीत वाक्यानं सांगायचं. 'ड्रॉप फॅक्टर २० म्हणजे या सेटमधून वीस थेंब पडले की एक मिली जातं.' वाक्य मराठी, शब्द पेपरातला.

शुद्धलेखन_शहापूर
परीक्षेपुरतं ठीक. पण वाक्यानं समजावलेलं डोक्यात राहत नाही, शब्द राहतो. मला पटलेलं नाही.

निपाणी_मास्तर
'मेले' राहिलं. मी कालपासून हसतोय. वर्गात पहिल्या दिवशी मराठी घरातली पोरं याच शब्दाला दचकायची.

'ऊ.' म्हणजे ऊट, जेवण. आपलं 'ऊठ' नव्हे. 'मेले' म्हणजे वर. 'ऊट आद मेले', जेवण झाल्यावर, म्हणजे जेवणानंतर. आता तुम्ही म्हणाल 'वर'चा 'नंतर' कसा झाला? आपणही तेच करतो की: 'जेवल्यावर गोळी घे'. तो 'वर' आणि हा 'मेले' एकाच कामाचे. इथल्या दोन्ही भाषा शेजारी राहून एकमेकींचा वाडा वापरतात. 'ज्व. इद्रे' म्हणजे 'ज्वर इद्रे', ताप असला तर. तेव्हा पूर्ण ओळ: जेवल्यावर, ताप असेल तरच. कोणी मेलेलं नाही.

हाताच्या कन्नडात अजून एक धोका सांगून ठेवतो. 'द' आणि 'ध' मध्ये खालच्या एका छोट्या उभ्या रेघेचा फरक, घाईत ती राहते. शब्द ओळखीचा असेल तर अडत नाही. लघुरूपात एकच अक्षर असलं की मात्र आधाराला काही नसतं.

अथणीकर
मूळ प्रश्न असा आहे की मराठी मुलांना कन्नडात का शिकवतात? यावर कोणी बोलत नाही. फळा वाचायची वेळच येऊ नये.

हलशीची_पोर
दादा, फोटो पाठवणारी मुलगी तुमच्याच अथणीची, घरी कन्नड बोलते, आणि तिलाही तो फळा कळला नाही. मॅडमचं अक्षरच तसं आहे. हा धागा फळ्यापुरता राहू द्या ना.

अथणीकर
बरं. राहिलं.

टिळकवाडी_वाला
KCl ची ओळ कोण सोडवणार? `20 m` पुढं पुसलंय. २० मिली असणार, सलाईनमध्ये घालतात ते.

वॉर्ड_नंबर_सात
हीच ती ओळ जिला मी हात लावणार नाही म्हणाले.

'एम'नंतर दोन गोष्टी असू शकतात. मिली, नाहीतर मिलिइक्विव्हॅलंट. आपल्याकडं पोटॅशियम क्लोराईडची नेहमीची १० मिलीची अँप्यूल येते, तिच्यात साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. म्हणजे `20 mEq` असेल तर एक अँप्यूल, `20 ml` असेल तर दोन. दुप्पट. आणि हे औषध हृदयाच्या ठोक्याशी खेळतं, सरळ शिरेत कधी ढकलत नाहीत, नेहमी पातळ करून आणि सावकाश.

वरच्या ओळी आपण सोडवल्या कारण तिथं उत्तर लिहिलेलं होतं, उलटं जाऊन तपासता आलं. इथं पुढं काही गणित नाही, बरोबरीचं चिन्ह नाही, काही नाही. '२०' आणि '५००' या दोन्ही मापांना चालतात. माझ्या अनुभवाला विचारशील तर मी एका बाजूला झुकते, पण ते मुद्दाम सांगत नाही, कारण सांगितलं की तू लिहून टाकशील आणि मैत्रीण पाठ करेल.

टिळकवाडी_वाला
टेस्टमध्ये आलं तर?

वॉर्ड_नंबर_सात
तर ती ओळ सोडून बाकीची लिहील. एक मार्क जाईल.

हलशीची_पोर
मूळ फोटो आला! डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावला. ७ आणि २ च्या मध्ये ठिपका आहे, फिकट, पण आहे. आणि `DF` च्या खाली लाल मार्करनं बारीक २० लिहिलंय! स्कॅनमध्ये तो पूर्ण गेला होता. ताई, तुमचं उत्तरावरून काढलेलं बरोबर निघालं.

KCl तसंच. ट्यूबलाईटचा झोत नेमका तिथंच. 'एम'च्या पुढं एक उभी रेघ वाटते, पण ती मागच्या अॅनाटॉमीच्या चित्रातल्या हाडाची कड पण असू शकते. मोठं करून बघितलं, जितकं मोठं करते तितकं जास्त पटतं, आणि दोन्ही बाजूंनी पटतं.

निपाणी_मास्तर
त्याच वर्गातल्या दुसऱ्या कुणी दुसऱ्या बाकावरून फोटो काढला असेल तर झोत सरकलेला असतो. विचारून बघ.

हलशीची_पोर
विचारलं मास्तर. अजून दोघींनी काढलाय, दोघी तिच्याच शेजारी बसतात. झोत तिथंच.

हे मैत्रिणीला पाठवलंय. इथं पण ठेवते, चूक असेल तर सांगा.

"१) ५०० मिली नॉर्मल सलाईन चार तासांत द्यायचंय. गुणिले ड्रॉप फॅक्टर २० (लाल मार्करनं बारीक लिहिलंय), भागिले २४० मिनिटं. ४१.६६, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. फळ्यावर 'गं.' म्हणजे गंटे, तास. त्यातलं गोल शून्य नाही.

२) पॅरासिटामॉल, १२ किलोचं मूल, किलोमागे १५, म्हणजे १८० मिग्रॅ. सिरप ५ मिलीत १२५. उत्तर ७.२ मिली. स्कॅनमध्ये टिंब गेलं होतं, मूळ फोटोत आहे. जेवल्यावर द्यायचं, ताप असेल तर. 'मेले' म्हणजे वर, घाबरू नको.

३) KCl २० ???, ५०० मिलीमध्ये. माप वाचता येत नाही. मिली की मिलिइक्विव्हॅलंट ते मॅडमना विचारल्याशिवाय भरू नको. मी पण रिकामं ठेवलंय."

वॉर्ड_नंबर_सात
दुसऱ्यात एक घाल: '१८० मिग्रॅ एका वेळचा डोस'. ते फळ्यावर नाही, पण तिनं दिवसाचा समजला तर गोंधळ होईल. तू घातलंय असं कळू दे.

हलशीची_पोर
घातलं, निळ्या रंगात.

तिचा फोन आला. पहिलं विचारलं काय, तर तीन प्रश्नचिन्हांची ओळ पाठ करायची का :D

उताऱ्याचा_नाद
वाचतोय सगळं. आता मला शंका आली, आमच्या उताऱ्यावर 'गुं.' पुढं जे शून्य आहे ते गुंठ्यांचं शून्य आहे की अनुस्वार? मास्तर, फोटो टाकू का?

निपाणी_मास्तर
टाका. पण स्कॅन करू नका.